काफ्काची डिस्क भरते तेव्हा

एखाद्या कंपनीत वीस प्रकारची सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत असतील, तर प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट बोलण्याऐवजी मध्ये एक मेसेज ब्रोकर ठेवतात. ज्याला काही सांगायचं आहे तो ब्रोकरकडे संदेश टाकतो आणि ज्याला हवं आहे तो आपल्या सवडीने वाचून घेतो. या कामासाठी आज सर्वाधिक वापरात असलेल्या ब्रोकरांपैकी एक म्हणजे अपाचे काफ्का. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी तो घडवला आणि २०११ साली तो सर्वांसाठी खुला झाला. यातल्या नेहा नारखेडे पुण्यात वाढलेल्या आणि पुण्यातच संगणक अभियांत्रिकी शिकलेल्या.

काफ्काचा एक स्वभाव नवख्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. संदेश वाचला गेला म्हणून तो पुसला जात नाही. वाचणाऱ्याने वाचला, दुसऱ्यानेही वाचला, तरी तो डिस्कवर तसाच राहतो. या स्वभावामुळेच काफ्का उपयोगी आहे, कारण उद्या तिसरा वाचक आला तर तो मागचे चार दिवस पहिल्यापासून वाचू शकतो. पण मग पुसायचं कधी, हे आपल्यालाच सांगावं लागतं. काहीच सांगितलं नाही तर काफ्का संदेश सात दिवस ठेवतो आणि आकाराला कसलीही मर्यादा घालत नाही. या दोन गोष्टींपैकी पहिली बहुतेकांना ठाऊक असते. छोट्या क्लस्टरचा घात दुसरी करते.

उदाहरणाने पाहू. समजा, एक कुरिअर कंपनी आहे. तिच्याकडे काफ्कासाठी तीन यंत्रं आहेत आणि प्रत्येकावर २०० जीबीची डिस्क आहे. प्रत्येक संदेशाच्या तीन प्रती ठेवायच्या असं ठरलेलं आहे, म्हणजे एखादं यंत्र बंद पडलं तरी काही हरवत नाही. इथे पहिला हिशेब नीट करायला हवा. तीन डिस्कची बेरीज ६०० जीबी होते खरी, पण यंत्रं तीन आणि प्रतीही तीन, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर सगळ्या माहितीची एकेक पूर्ण प्रत बसते. कंपनीच्या हातात खरी जागा आहे ती फक्त २०० जीबी.

या कंपनीत संदेशांचे तीन मोठे प्रवाह आहेत. काफ्काच्या भाषेत प्रवाहाला टॉपिक म्हणतात. पहिला `vehicle-gps`. चार हजार गाड्या दर दहा सेकंदांनी आपला ठावठिकाणा कळवतात आणि एक संदेश सुमारे २५० बाइटचा असतो. म्हणजे सेकंदाला १०० केबी, दिवसाला साधारण ८.६ जीबी आणि सात दिवसांचे ६० जीबी. दुसरा `parcel-events`, पार्सल उचललं, पोचलं, परत आलं वगैरे. त्याचे दिवसाला २.६ जीबी होतात, सात दिवसांचे १८. तिसरा `app-logs`. कंपनीची सगळी सॉफ्टवेअर आपण काय करत आहोत याची जी बारीकसारीक नोंद ठेवतात, ती या टॉपिकमध्ये येते. सेकंदाला ३०० केबी, दिवसाला २६ जीबी. या नोंदी एकच दिवस ठेवायच्या असं ठरलं आहे. तिघांची बेरीज १०४ जीबी. डिस्क निम्मी रिकामी आहे, सगळं व्यवस्थित दिसतं, आणि महिनोन् महिने ते व्यवस्थित चालतंही.

मग एका रात्री पैसे स्वीकारणारी सेवा बिघडते. तिला डेटाबेसशी जोडणी मिळत नाही. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक शे-दीडशे ओळींची त्रुटीची नोंद `app-logs` मध्ये ओतते. सेकंदाला ३०० केबी येत होते तिथे वीसपट, म्हणजे ६ एमबी येऊ लागतात. तासाला २१ जीबींहून जास्त. रिकामी असलेली ९६ जीबी जागा साडेचार तासांत संपते. रात्री अकराला सुरू झालेली गडबड पहाटे साडेतीनला डिस्क भरून टाकते, आणि ‘एक दिवस ठेवा’ ही मर्यादा या सगळ्या वेळात काहीच करू शकत नाही. कारण आलेली प्रत्येक नोंद ताजी आहे. पुसण्याजोगं जुनं त्यात काही नाहीच.

पुढे जे होतं ते फार वाईट असतं. काफ्काला लिहायला जागा मिळाली नाही की ऑपरेटिंग सिस्टिम `No space left on device` असं सांगते. काफ्का ती डिरेक्टरी निकामी धरतो आणि त्याच्याकडे तेवढी एकच डिरेक्टरी असेल तर तो ब्रोकर स्वतःला बंद करून घेतो. कागदावर बाकीची दोन यंत्रं काम सांभाळतात. पण त्यांच्या डिस्कवरही त्याच माहितीची तेवढीच प्रत आहे, त्यामुळे काही मिनिटांत तीही भरतात. यंत्र बिघडलं तर तीन प्रती वाचवतात. डिस्क भरली तर त्या काहीही वाचवत नाहीत. आणि बिघडली होती एका सेवेची नोंद, पण थांबतात मात्र गाड्यांचे ठावठिकाणे आणि पार्सलंसुद्धा, कारण तिन्ही टॉपिक एकाच डिस्कवर राहतात.

म्हणून वेळेच्या जोडीला आकाराची मर्यादा हवी. काफ्कामध्ये वेळेची मर्यादा `retention.ms` या नावाने आणि आकाराची `retention.bytes` या नावाने सांगतात. दोन्ही सांगितल्या तर जी आधी ओलांडली जाईल ती लागू होते. एरवी वेळेने पुसलं जातं, आणि पूर आला की आकाराने. इतकं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण `retention.bytes` मधला आकडा टॉपिकचा नसतो, पार्टिशनचा असतो. एका टॉपिकचे काफ्का अनेक भाग करतो, म्हणजे काम वाटून घेता येतं. त्या प्रत्येक भागाला ही मर्यादा वेगवेगळी लागते. `app-logs` चे बारा पार्टिशन आहेत. कोणी तिथे ‘३६ जीबी’ असं समजून ३६ जीबी लिहिलं, तर त्याने प्रत्यक्षात ४३२ जीबीची परवानगी दिली, आणि डिस्क आहे २०० जीबीची. ही चूक मोठ्या अनुभवी मंडळींकडूनही होते, कारण मर्यादा लिहिताना टॉपिकचं नाव द्यावं लागतं आणि पार्टिशनचा उल्लेख कुठेच येत नाही.

दुसरी अडचण पुसण्याच्या रीतीत आहे. काफ्का एकेक संदेश पुसत नाही. पार्टिशनमधले संदेश तो एकापुढे एक फायलींमध्ये लिहीत जातो. या फायलीला सेगमेंट म्हणतात. एक भरली की ती बंद करून पुढची उघडतो. पुसायची वेळ आली की अख्खी फाइल जाते. घरात वर्तमानपत्रांची रद्दी आपण गठ्ठे बांधून ठेवतो आणि देताना गठ्ठाच देतो, तसंच हे आहे. त्यामुळे गठ्ठ्यातला सर्वांत नवा अंक जुना झाल्याशिवाय वेळेच्या नियमाने गठ्ठा हलत नाही. सेगमेंट भरायची मूळ मर्यादा १ जीबी आहे आणि भरला नाही तरी सात दिवसांनी तो बंद होतो. ज्या टॉपिकमध्ये दिवसाला काही एमबीच येतात, तिथे ‘एक दिवस ठेवा’ म्हटलं तरी चालू सेगमेंट सात दिवस उघडा राहतो आणि त्यातला पहिला संदेश जवळजवळ आठ दिवस टिकतो. ग्राहकांचे फोन नंबर एका दिवसात पुसले जातील असं कोणी लिहून दिलं असेल, तर त्याने `segment.ms` हाही आकडा कमी करायलाच हवा.

आकाराच्या नियमातही हाच गठ्ठा आडवा येतो. सर्वांत जुना सेगमेंट काढल्यावर उरलेला भाग मर्यादेइतका किंवा मर्यादेहून जास्त राहणार असेल, तरच काफ्का तो काढतो. म्हणजे पार्टिशनचा आकार मर्यादा आणि मर्यादा अधिक एक सेगमेंट यांच्या दरम्यान राहतो. मर्यादा ३ जीबी आणि सेगमेंट १ जीबी असेल, तर बारा पार्टिशनांचे ३६ नव्हे, ४८ जीबी धरून चालायला हवं. सेगमेंट २५६ एमबीचा केला, तर हाच आकडा ३९ वर येतो. शिवाय पुसायचं आहे का हे काफ्का दर पाच मिनिटांनीच तपासतो. पुसायचं ठरलेल्या फायलीच्या नावापुढे तो आधी `.deleted` लावतो आणि एका मिनिटाने ती खरोखर काढतो. त्या सहा मिनिटांत सेकंदाला ६ एमबी या वेगाने आणखी दोन जीबी येऊन पडतात, तेही मोजायचे.

आता कुरिअर कंपनीचा हिशेब पुन्हा मांडू. २०० जीबींपैकी ७० टक्के, म्हणजे १४० जीबी वाटायचे आणि बाकीचे हात न लावता ठेवायचे. सगळीकडे सेगमेंट २५६ एमबीचा. `app-logs` च्या बारा पार्टिशनांना प्रत्येकी ३ जीबी दिले की जास्तीत जास्त ३९ होतात. `vehicle-gps` चे सहा पार्टिशन आहेत आणि सात दिवसांसाठी त्यांना प्रत्येकी १० जीबी लागतात. त्यांना १२ देऊ, म्हणजे कमाल साडेत्र्याहत्तर. `parcel-events` च्या सहा पार्टिशनांना ३ लागतात, ४ देऊ, कमाल साडेपंचवीस. बेरीज १३८. तिन्ही टॉपिकमध्ये एकाच वेळी पूर आला तरी डिस्क सत्तर टक्क्यांच्या आसपासच थांबते. काफ्का संदेश दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून आले तर तसेच ठेवतो. म्हणून हे आकडे संदेशांच्या मूळ आकारावरून न काढता डिस्कवरच्या आकारावरून काढायचे. `kafka-log-dirs.sh` ही आज्ञा तो दाखवते.

मर्यादा लावायला ब्रोकर बंद करावा लागत नाही:

```
kafka-configs.sh --bootstrap-server kafka1:9092 \
  --alter --entity-type topics --entity-name app-logs \
  --add-config retention.ms=86400000,retention.bytes=3221225472,segment.bytes=268435456
```

पहिला आकडा एका दिवसाचे मिलिसेकंद, दुसरा ३ जीबी आणि तिसरा २५६ एमबी. शून्यं आणि आकडे दोनदा तपासावेत. मिलिसेकंदांच्या जागी सेकंद लिहिले तर ८६४०० मिलिसेकंद, म्हणजे दीड मिनिटाहूनही कमी होतात, आणि मग पुढच्या तपासणीच्या वेळी जवळजवळ अख्खा टॉपिक रिकामा होतो.

या मर्यादेची किंमत कोण मोजतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्या रात्री `app-logs` ला ३६ जीबी मिळाले आणि सेकंदाला ६ एमबी येत राहिले, तर त्यात जेमतेम १०० मिनिटांच्या नोंदी मावतात. ‘एक दिवस’ हे वचन त्या रात्रीपुरतं पावणेदोन तासांचं होतं. नोंदी वाचून साठवणारा प्रोग्राम दोन तास बंद राहिला तर तो परत येईपर्यंत त्याची जागा पुसली गेलेली असते. अशा वेळी काय करायचं हे `auto.offset.reset` ठरवतं आणि मूळ व्यवस्थेत त्याचं उत्तर `latest` आहे. वाचक मधलं सगळं सोडून थेट शेवटी जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं सुरळीत चाललंय. म्हणून आकाराची मर्यादा लावताना तिच्या शेजारी वाचक किती मागे आहे यावरही नजर ठेवावी लागते. माझं मत असं आहे की नोंदींच्या टॉपिकला घट्ट मर्यादा घालणं योग्यच आहे. कोणीतरी नमतं घ्यायचंच असेल, तर ते पार्सलांनी घेऊ नये. पण हा निर्णय दिवसाढवळ्या, बसून घ्यावा. पहाटे साडेतीनला डिस्कवर सोडू नये.

पार्सलांच्या बाबतीत एक सूक्ष्म धोका उरतोच. समजा, `parcel-events` मधले संदेश ग्राहकाच्या क्रमांकावरून पार्टिशनमध्ये वाटले जातात, आणि एकच मोठा ग्राहक निम्मी पार्सलं पाठवतो. त्याची सगळी पार्सलं एकाच पार्टिशनमध्ये जातात. तिथे दिवसाला १.३ जीबी पडतात आणि ४ जीबींची मर्यादा तीन दिवसांतच गाठली जाते. बाकीच्या पाच पार्टिशनांत सात दिवसांची माहिती आहे, या एकात तीनच दिवसांची, आणि तीही नेमकी सर्वांत मोठ्या ग्राहकाची. टॉपिकची एकूण बेरीज पाहून हे कळत नाही. पार्टिशनागणिक आकार पाहिला तरच दिसतं. एक पार्टिशन कायम मर्यादेला टेकलेला आणि इतर अर्धे रिकामे, ही त्याची खूण.

वेळेच्या मर्यादेतही एक खोट आहे, आणि गाड्यांच्या टॉपिकमध्ये ती हमखास सापडते. संदेश किती जुना आहे हे काफ्का संदेशावरच्या वेळेवरून ठरवतो आणि ती वेळ सहसा पाठवणारा घालतो. गाडीतल्या यंत्राची वेळ जशीच्या तशी वापरली आणि एका यंत्राचं घड्याळ दहा वर्षं पुढे असलं, तर त्याचा एक संदेश ज्या सेगमेंटमध्ये पडेल तो अख्खा सेगमेंट दहा वर्षं जुना होणार नाही. घड्याळ मागे असलेला संदेश मात्र इतर ताज्या संदेशांत मिसळून निरुपद्रवी राहतो, कारण मोजली जाते ती सेगमेंटमधली सर्वांत पुढची वेळ. काफ्का ४.० पासून तासाभराहून जास्त पुढची वेळ असलेले संदेश मुळातच नाकारले जातात. जुन्या आवृत्त्यांमध्ये अशी आपोआप अटकाव करणारी मर्यादा नव्हती, तिथे `message.timestamp.type=LogAppendTime` करून ब्रोकरचं स्वतःचं घड्याळ वापरता येतं. आकाराची मर्यादा अशा अडकलेल्या सेगमेंटलाही काढते, कारण ती वेळेकडे पाहतच नाही.

काफ्कामध्ये ‘सगळे टॉपिक मिळून इतकेच जीबी’ असं सांगायची सोय नाही. १३८ ची ती बेरीज माणसालाच सांभाळावी लागते आणि ती दोन वाटांनी चुपचाप बिघडते. पहिली वाट नव्या टॉपिकची. मूळ व्यवस्थेत कोणी न बनवलेल्या टॉपिकला संदेश पाठवला की तो टॉपिक आपोआप जन्माला येतो, सात दिवस आणि अमर्याद आकार घेऊन. हे `auto.create.topics.enable=false` करून थांबवावं आणि ब्रोकरच्या फायलीत `log.retention.bytes` ला एक लहानसा आकडा द्यावा, म्हणजे विसरलेल्या टॉपिकलाही कुंपण मिळतं. दुसरी वाट पार्टिशनांची. काम वाढलं म्हणून कोणी `app-logs` चे बाराचे चोवीस पार्टिशन केले की त्याची कमाल जागा ३९ वरून ७८ जीबी होते, मर्यादेतला एकही आकडा न बदलता.

एवढं करूनही डिस्क ९० टक्क्यांवर गेली तर काय? ब्रोकर चालू असेतोवर सर्वांत मोठ्या टॉपिकची `retention.bytes` तात्पुरती कमी करावी आणि सहा मिनिटं थांबावं. डिरेक्टरीत शिरून `.log` फायली हाताने पुसण्याचा मोह होतो, तो टाळावा. ब्रोकरने त्या उघडून ठेवलेल्या असतात, त्यामुळे पुसूनही जागा लगेच परत मिळत नाही, आणि फायली व ब्रोकरची समजूत यांचा मेळ मात्र तुटतो.

ब्रोकर बंदच पडला असेल, तर पुसणार कोण, हा प्रश्न येतो. त्याची तयारी आधीच करून ठेवता येते. प्रत्येक यंत्रावर काफ्काच्याच डिस्कवर, पण त्याच्या डिरेक्टरीबाहेर ५ जीबीची एक निव्वळ जागा अडवणारी फाइल ठेवायची:

```
fallocate -l 5G /data/reserve.bin
```

डिस्क भरली की आधी पूर आणणारी सेवा थांबवायची, मग ही फाइल पुसून ब्रोकर सुरू करायचा. सुरू झाल्यावर काफ्का पहिली तपासणी साधारण अर्ध्या मिनिटाने करतो. मर्यादा आधीच लावलेली असेल तर तेव्हाच पुसणं सुरू होतं. नसेल तर लगेच लावायची आणि पुढच्या तपासणीची वाट पाहायची. पूर थांबवता आला नाही तरी ५ जीबी सेकंदाला ६ एमबी या वेगाने चौदा मिनिटं पुरतात आणि पुसायला जास्तीत जास्त सहा-सात लागतात. तिन्ही यंत्रं वर आली, सगळ्या प्रती पुन्हा जुळल्या की ती ५ जीबीची फाइल पुन्हा बनवून ठेवायची आणि तात्पुरत्या कमी केलेल्या मर्यादा परत मूळ आकड्यांवर आणायच्या.